ताप तुमचा, पोर्टल आमचं

शैलाताई आमच्या कॉलेजच्या प्रवेश विभागात आवक-जावक बघतात. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि तो पुढच्या टेबलावर सरकवायचा. यात लिहिण्यासारखं काय आहे, असं त्या स्वतःच म्हणतील. म्हणोत बापड्या. मी लिहिणार.

एम.एस.डब्ल्यू.च्या प्रवेशाच्या आठवड्यात कॉलेजच्या पोर्टलने नुसता छळ मांडला होता. शेवटचं बटण दाबलं की चाक फिरत राहायचं आणि पुन्हा लॉगिनचं पान समोर. आमच्या लासूर स्टेशनला नेट नीट नाही म्हणून शहरात, उस्मानपुऱ्यातल्या नेट कॅफेत जाऊन बसले, तिथेही तेच रडगाणं. हेल्पलाइनला मेल केले, उत्तर नाही. शेवटच्या दिवशी आप्पा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन थेट कॉलेजात आले. वर्ष हुकलं असतं तर घरी लग्नाचा विषय निघणार होता. आत्याने स्थळ हेरूनच ठेवलं होतं.

आप्पांनी बाकावर बसून मुदतवाढीचा अर्ज लिहिला: 'माझी मुलगी प्रेरणा तापाने आजारी असल्यामुळे फॉर्म भरू शकली नाही.' शाळेच्या सुट्टीपासून ग्रामपंचायतीपर्यंत आप्पांच्या प्रत्येक अर्जात कुणाला तरी ताप असतोच. पोर्टलचं का नाही लिहिलं, असं मी विचारलं.

"हापिसाची चूक हापिसाला सांगायची नसती," ते म्हणाले. "आजारी म्हणलं की माणसाला दया येती."

शैलाताईंनी अर्ज वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. मी समोसा खात होते.

"दया आली तरी त्यावर मुदत वाढत नाही," त्या म्हणाल्या. "ताप तुमचा, पोर्टल आमचं. आमचं काय बिघडलं ते लिहा, म्हणजे आम्हाला उत्तर द्यावं लागेल."

आप्पांचा चेहरा उतरला. साहेब चिडले तर होणारं कामही बिघडेल, ही त्यांची भीती. शैलाताईंनी कोरा कागद माझ्याकडे दिला. अर्ज क्रमांक, कोणत्या दिवशी किती वाजता प्रयत्न केला, पडद्यावर काय आलं, सगळं लिहायला लावलं. स्क्रीनशॉट आणि हेल्पलाइनच्या मेलच्या प्रती जोडायला लावल्या. ऑफिस सुटायच्या आत शिक्का पडला पाहिजे, मुदत उलटल्यावर आलेल्या अर्जाला कुणी विचारत नाही, म्हणून घाई केली. मला पोच दिली आणि अर्ज घेऊन त्या स्वतः प्राचार्यांकडे गेल्या.

संध्याकाळी पोर्टलवर सूचना आली: तांत्रिक अडचणीमुळे सर्व अर्जदारांना दोन दिवसांची मुदतवाढ. दुसऱ्या दिवशी माझा फॉर्म गेला. आप्पांनी खुशीत सगळ्या घराला समोसे आणले.

वर्गात माझ्या शेजारी मोनिका बसते, अजिंठ्याची. तिचाही फॉर्म तसाच अडकला होता. आपलंच नशीब फुटकं म्हणून तिने नाद सोडून दिला होता आणि सूचना आली तेव्हा ती रडत बसली होती. अर्ज वगैरे करायचा असतो हे तिच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती सूचना कुणामुळे आली ते सांगून मी तिला शैलाताईंच्या टेबलापाशी घेऊन गेले. तिने वाकून सरळ त्यांच्या पायाला हात लावला.