रामाकोन्याच्या ओव्या आणि पुसलेला टेप

या सदरात येणारे अनुभव मी वाचतो ते बहुतेक हसायला. उगाच खोटं कशाला बोलू? आमच्या घरी तर भूत, करणी, बाहेरची बाधा हे शब्दच काढायचे नाहीत असा बाचा दंडक होता. धम्मदीक्षा घेतली तेव्हा बानं देव्हारा उचलून नदीत नेऊन सोडला आणि वर म्हणाला, "आता जे दिसते तेच मानायचं." मी पांढुर्ण्याला रेल्वेत बुकिंग क्लार्क. रजिस्टरमध्ये लिहिलंय ते खरं, नाही लिहिलं ते झालंच नाही - नोकरीनं मला एवढंच शिकवलं. म्हणूनच हे लिहितो आहे, कारण इथे रजिस्टरनंच माझी पंचाईत करून ठेवली.

तर गोष्ट १९८६ ची. माझी बहीण कुसुम, तिचं लग्न ठरलं होतं. वैशाखात करायचं होतं. आमची माय कुसुमच्या वेळी बाळंतपणातच गेली. मी तेव्हा नऊ वर्षांचा. कुसुमला मायचा ना चेहरा माहीत, ना आवाज. फोटो तर आमच्याकडे कोण काढणार? आणि लहानपणापासून तिच्या कानावर एकच... "मायले खाऊन आली." शेजारची म्हणायची, आत्या म्हणायची. बानं कधी म्हटलं नाही, पण कधी कोणाचं तोंडही धरलं नाही. बा मुळातच कमी बोलणारा माणूस.

साखरपुडा झाला त्या दुपारी कुसुम भांडी घासता घासता मला म्हणाली, "दादा, मायनं रेडिओत गाणं म्हटलं होतं म्हणतेत. तुनं ऐकलं होतं काय?"

म्हटलं, "हो, ऐकलं. एकदाच."

"मले आणून देशील?"

हात राखेतच होते. मग म्हणाली, "मी तिले नकोच होती का काय, हे तं समजन." मी शर्ट घातला आणि स्टेशनवर निघून गेलो.

आता ते एकदाच ऐकलेलं काय, ते सांगतो. माय बाळंतपणासाठी माहेरी, रामाकोन्याला गेली होती. तिथं नागपूरच्या रेडिओवाल्यांची गाडी आली आणि त्यांनी बायांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. आम्ही तेव्हा सौंसरला राहायचो; मी बाजवळच होतो, माझी शाळा होती. रेडिओवर माय लागणार म्हणून बानं जुना रेडिओ विकत घेतला. हौस हो, दुसरं काय. त्यानंतर आठ-दहा दिवसांत माय गेली. रेडिओ फडताळात तसाच कपडा झाकून पडून राहिला. पुढे पाडव्याच्या आसपास एका दुपारी बानं तो का लावला, देव जाणे... म्हणजे, कोण जाणे. बायांचा कार्यक्रम सुरू होता. जात्याची घरघर, आणि वर मायचा आवाज. मधेच एक भांडं पडल्याचा खणखणाट झाला, कोणी तरी हसलं, माय थांबली नाही. मग तिनं एकटीनं ओवी धरली -

पोटातल्या पाहुण्या, तुही पाहतो मी वाट...

बानं खटकन् रेडिओ बंद केला. पुढची ओळ मी ऐकलीच नाही. वीस वर्षं ती अर्धी ओवी माझ्या डोक्यात होती, आणि अर्धी कुसुमला काय सांगायची म्हणून मी ती कधी सांगितली नव्हती. पुढच्या ओळीत मायनं काय मागितलं असेल? मुलगाच मागितला असेल तर?

आधी पत्र टाकलं. रेडिओ स्टेशनच्या टेप लायब्ररीला सविस्तर लिहिलं - साल अमुक, गाव रामाकोना, ओव्या, मधे भांडं पडल्याचा आवाज आहे, एका ओवीची पहिली ओळ अशी-अशी. पंधरा दिवसांनी छापील कार्ड आलं : कलावंताचे नाव व प्रसारणाची तारीख कळवावी, किंवा समक्ष यावे. तारीख कुठून आणू? सुट्टी टाकली आणि पॅसेंजरनं नागपूर गाठलं.

लायब्ररीत एक वयस्क बाई होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात. स्वभावानं कडक पण कामाच्या पक्क्या. त्यांनी मला पद्धत समजावून सांगितली. प्रत्येक टेपला नंबर. टेपच्या खोक्यात एक कागद, त्यावर काय रेकॉर्ड केलं, किती मिनिटं-सेकंद, पहिले शब्द आणि शेवटचे शब्द. मी विचारलं, शेवटचे शब्द कशाला? तर म्हणाल्या, "ड्युटीवरच्या माणसाला कळायला नको, गाणं संपलं की नुसतं थांबलं? शेवटचे शब्द ऐकले की अनाउन्सर बोलायला मोकळा." मग लाकडी खणांत कार्डं. एक रांग गाण्याच्या पहिल्या ओळीनं, एक कलावंताच्या नावानं, एक प्रकारानं : भजन, लावणी, ओवी असं.

माझ्याकडची ओळ कुठल्या तरी मधल्या ओवीची, म्हणजे पहिल्या ओळीचा खण बाद. प्रकाराच्या खणात ओव्या दोनशेच्या वर असतील, पण त्यात रामाकोना नाही. राहिला नावाचा खण. मायचं नाव सांगितलं - शांताबाई, सौंसर. नाही. आडनावानं पाहिलं. नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी खण उपसले. बाई म्हणाल्या, "नाव बरोबर आहे ना तुमचं?" मला राग आला. मायचं नाव काय मी चुकीचं सांगणार?

पण चुकलोच होतो. परतीला छोट्या लाईनच्या गाडीनं रामाकोन्याला उतरलो, मामीकडे. मामी अंगणात तूर पाखडून राहिली होती. हकिकत ऐकून सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "अरे येड्या, शांता तं तुह्या बाच्या घरचं नाव. लग्नात पालटलेलं. इथं ते गावची लेक होती ना. साहेबानं नाव इचारलं तं आम्ही समद्यायनं सांगतलं, गुंफा. माहेरात सासरचं नाव कोण घेते?"

वीस वर्षांत मला मायचं माहेरचं नाव माहीत नव्हतं. लाज वाटली, खरं सांगतो.

दुसऱ्या खेपेला बाईंनी नावाचा खण पुन्हा पाहिला. गुंफा नाही. मग त्या उठल्या आणि कपाटामागचा एक वेगळा खण ओढला - रद्द झालेल्या टेपांची कार्डं. तिथं होतं. 'ओव्या. रामाकोना. गुंफा व इतर महिला.' वर लाल शाईची आडवी रेघ. टेपचा नंबर होता. त्या नंबरचं खोकं फळीवरून काढलं, तर आत संत्र्यावरच्या किडीची मुलाखत. बाई म्हणाल्या, "टेप परदेशातून येतो, महाग असतो. जे ठेवायचं नाही ते पुसून त्यावरच पुढचं रेकॉर्डिंग करतात. नेहमीचं आहे हे."

मी खुर्चीत बसूनच राहिलो. आवाज गेला. कुसुमला तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात. माझा चेहरा पाहून बाईंनी बाहेरगावच्या रेकॉर्डिंगचं जुनं रजिस्टर आणवलं. पानं पिवळी पडलेली. बोट ठेवत ठेवत एका ओळीवर थांबल्या. मग माझं पत्र फाईलमधून काढलं आणि रजिस्टरच्या शेजारी ठेवलं.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : 'मध्ये भांडे पडल्याचा आवाज. प्रसारणास अयोग्य. टेप पुसला.' खाली सही, तारीख. तारीख पाडव्याच्या बरीच आधीची. प्रसारणाचा रकाना कोरा, त्यात एक आडवी रेघ.

"हे लागलंच नाही कधी," बाई म्हणाल्या. "तुम्ही भांड्याचं कुठून लिहिलंत?"

"ऐकलं होतं."

"कुठे?"

"रेडिओवर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दुसरी प्रत?" मी विचारलं. "नापास झालेल्याची कोण प्रत काढतो?" त्या दिवशी काय काय लागलं त्याचं लॉगबुक पाहू म्हटलं, तर इतकी जुनी लॉगबुकं ठेवत नाहीत. रस्ता संपला. मग माझं लक्ष शेवटून दुसऱ्या रकान्याकडे गेलं. शेवटचे शब्द. बाईंनी मोठ्यानं वाचले, आणि मी त्यांच्याच पेननं तिकिटाच्या मागे लिहून घेतले.

घरी आलो. बा ओट्यावर बसला होता, कुसुम आत होती. बाला सगळं सांगितलं, टेप पुसल्याचं, तारखेचं. म्हटलं, "बा, त्या दिवशी आपण ऐकलं होतं ना? का मलेच भास झाला?"

बा म्हणाला, "ऐकलं. ते पाहुण्याचं म्हणून राहिली होती. मले पुढचं ऐकवलं नाही. पोरगं मागन आन् घरात पोरगी पडून आहे, असं वाटलं. म्हणून बंद केला."

म्हणजे वीस वर्षं बापलेक एकाच भीतीनं गप्प होतो. मी तिकीट काढलं आणि वाचलं. पहिली ओळ माझ्या डोक्यातली, दुसरी रजिस्टरची -

पोटातल्या पाहुण्या, तुही पाहतो मी वाट
लेक आली घरी तर, वाटीन साखर भरून ताट

कुसुम दारात येऊन उभी होती. तिनं ते तिकीट माझ्या हातातून घेतलं. "चाल कशी होती?" म्हणाली. माझा आवाज म्हणजे फाटका बांबू, तरी जशी आठवत होती तशी म्हणून दाखवली. ती रडली, मीही रडलो. त्यात लाजायचं काय?

मामीला नंतर भांड्याचं विचारलं. ती आधी कबूलच होईना. मग म्हणाली, "माह्याच हातून पितळेचा गंज पडला. साहेब रागानं पाहे. म्या आजवर कोणालेच सांगतलं नाही."

लग्न वैशाखात झालं. वंदना झाली, मंगलकामना झाली, जेवणाच्या पंगती बसायला लागल्या. तेवढ्यात बा आतून आला, हातात पितळी ताट, वर साखर शिगोशीग. एकेकाच्या हातावर चिमूट ठेवत निघाला. लोक विचारत, "कायची साखर, बुवा?" तर बा सगळ्यांना एकच सांगत होता, "आमाले लेक झाली."

आत्यासमोरही ताट धरलं. तिनं मान खाली घालून साखर घेतली.

तो रेडिओ अजून आमच्याकडे आहे, बिघडलेला. रजिस्टर म्हणतं ते गाणं कधी लागलंच नाही, आणि रजिस्टरवर अविश्वास दाखवायची माझी हिंमत नाही. पण मी ऐकलं आहे, बानं ऐकलं आहे. कसं, ते मला आजही सांगता येत नाही. बाला विचारलं तर म्हणतो, "जे ऐकू आलं तेच मानायचं," आणि विषय बदलतो.