माझ्या बायोडेटातल्या अमान्य शिफारशी

अंबडच्या त्या कारखान्यात मी अंतर्गत लेखापरीक्षकाच्या जागेसाठी गेले होते. समोर बसलेल्या फायनान्स मॅनेजरांनी माझा बायोडेटा दोन बोटांनी उचलला. त्यात मी आधीच्या नोकरीत केलेल्या ऑडिटची व्याप्ती होती: खरेदी, स्टोअर्स आणि भंगारविक्री. त्याखाली सापडलेल्या जोखमी आणि मान्य झालेल्या शिफारशी लिहिल्या होत्या. अमान्य झालेल्याही मी मुद्दाम ठेवल्या होत्या.

"निम्म्याच मान्य? म्हणजे उरलेल्या वेळी तुमचं चुकलं."

"सगळ्या शिफारशी मान्य होतात, तेव्हा ऑडिटरने साहेबांना आवडेल तेवढंच लिहिलेलं असतं," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा आंबट झाला. "आणि हे नियंत्रणांची चाचणी वगैरे? नमुने तपासणे, प्रत्यक्ष निरीक्षण. हे सगळेच लिहितात. करता काय नेमकं?"

मला इतका राग आला होता की नोकरीचा विचारच सुटला. गेटवर मिळालेला पास मी टेबलावर ठेवला. "मुलाखतीचं न बोलता, स्टोअर्समध्ये काम आहे असं मी गेटवर सांगितलं. वॉचमनने आत फोन न करताच पास दिला. भंगाराचा ट्रक भरत होता, तिथे मी बराच वेळ उभी राहिले. कोणी हटकलं नाही. मग इथे आले."

"कुणाच्या परवानगीने फिरलात तुम्ही?"

"तुमच्या. वॉचमनकडे कोऱ्या पासांचा गठ्ठा आहे, प्रत्येकावर तुमची सही आधीच केलेली."