घडीखालचा शून्य

माझे बाबा बंगाली आणि आई केज तालुक्यातली, त्यामुळं मी जन्मापासून दोन भाषांत भांडू शकते. बाबा तरुणपणी त्यांच्या डॉक्टर काकांच्या हाताखाली कंपाउंडर म्हणून युसूफ वडगावला आले, काका गेले परत, बाबा इथंच रुजले. घरात बंगाली फक्त आम्हा दोघांची. आई म्हणायची, "काय कुजबुजताव गं बापलेक? मला समजंल असं बोलायला तोंड दुखतंय का?"

तर या बंगालीनं मला काम मिळवून दिलं. पुण्याच्या एका भाषांतर संस्थेतल्या बाई ई-मेलनं मजकूर पाठवायच्या, मी बंगालीत करून द्यायचे. गावात इंटरनेट न्हाई. त्यासाठी केजचं नेट कॅफे. घरी एक जुना कॉम्प्युटर आणि दिवसातून कित्येक तास गायब असणारी लाईट.

एकदा आला तो लहान मुलांच्या विषबाधेवरचा इंग्रजी लेख होता. बंगालमधल्या खेड्यांतल्या आरोग्यसेविकांसाठी त्याची पुस्तिका निघणार होती. लेख म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, तीच स्कॅन करून पीडीएफ केलेली. पानं मधोमध दुमडून ठेवलेली असणार, कारण प्रत्येक पानावर उभी पांढरी घडी उमटली होती. नेट कॅफेतल्या सॉफ्टवेअरनं चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढून दिला, पण काय काढला होता बाई! एकाच्या जागी एल, शून्याच्या जागी ओ, 'आर' आणि 'एन' चिकटून 'एम' झालेले. तक्त्यातले रकाने एकात एक घुसलेले. आकड्यांच्या पोटात तर जिथं तिथं मोकळ्या जागा. मी दोन दिवस मान मोडून साफ करत बसले. आकड्यांमधल्या जागा एकेक करून काढायचा कंटाळा आला म्हणून कॉम्प्युटरलाच सांगितलं, दशांश चिन्हापुढची जागा दिसंल तिथं मिटवून टाक. त्यानं झपाझप मिटवली. मला लई कौतुक वाटलं स्वतःचं.

मग भाषांतर. ते झाल्यावर आकड्यांची पडताळणी, आणि ती बाबांशिवाय होत नसे. बंगाली चार मराठी डोळ्याला इंग्रजी आठासारखा दिसतो, बंगाली एक आपल्या नवासारखा. डोळ्यांवर विसंबलं तर फसलंच. म्हणून बाबांनी बंगाली पान मोठ्यानं वाचायचं आणि मी इंग्रजी पानावर प्रत्येक आकड्याला टिक करायची, अशी आमची पद्धत. "शून्नो दशमिक पाँच." टिक. "दश किलो." टिक. शेवटपर्यंत एकही चूक निघाली नाही. आईनं त्या आनंदात साखर जास्त घातलेला चहा केला आणि मी केजला जाऊन फाईल पाठवून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा ओसरीवर तीच पानं मजेखातर पुन्हा वाचत बसले होते. एकदम म्हणाले, "मा, इकडं ये." बंगाली बाप लेकीला मा म्हणतो, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"हे बघ. विषावरचं औषध वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम. आणि खाली उदाहरण काय? दहा किलोच्या मुलाला अर्धा मिलिग्रॅम. दहा किलोला पाच व्हायला पाहिजे ना? उदाहरण चुकलंय. दुरुस्त कर."

"मूळ लेखातच तसं हाय बाबा. आपण दुरुस्त करायचं नसतं."

"मग काय चुकीचं छापायचं? एवढं साधं गणित! लेखकाची चूक, तू पाच कर."

मी चिडले. काल सगळं जुळलं होतं, आज पुन्हा काय! "तुमी औषध कधी दिलंय का हे? मग कशाला?" असं बोलूनही गेले. बाबांनी बोट त्या ओळीवरून काढलं नाही.

आणि तेव्हा मला आठवलं. काल मी टिकच्या खुणा कशावर केल्या होत्या? स्कॅनवर नाही. स्कॅन पुसट, डोळे ताणावे लागतात, म्हणून मी साफ केलेल्या मजकुराचा प्रिंट समोर घेतला होता. मीच साफ केलेला आणि त्यावरूनच मीच बंगालीत नेलेला. दोन्ही आकडे जुळणारच की! सफाईत मी काही घाण केली असली तर ती दोन्हीकडं सारखीच असणार होती.

कॉम्प्युटरकडं धावले. लाईट गेलेली. मोबाईलवरून पुण्याच्या बाईंना लावला, दोनदा तुटला, तिसऱ्यांदा लागला. त्या म्हणाल्या, "अहो, फाईल कालच पुढं गेली. आज संध्याकाळी छापायला जातेय. काही चूक आहे का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. "थांबवता येईल?"

"चूक कुठं ते सांगा, मग थांबवते. नुसत्या शंकेवर कशी थांबवू?"

केजच्या नेट कॅफेत जनरेटर होता. बाबा चप्पल घालून माझ्याआधी बाहेर. आई मागून ओरडली, "आगं पर कावून पळताव? जेवण?" भाड्यानं माणसं भरणाऱ्या वडापच्या जीपमध्ये आम्ही कोंबून बसलो. ते चुकीचं औषध मिळणारं लेकरू ओळखीपाळखीचं असतं तर निदान त्याच्या दारात जाऊन सांगता आलं असतं. हे कोणाचं, कुठलं, ते कसं कळणार? बाबा वाटभर पुटपुटत होते, "उदाहरणच चुकलंय, बघ तू." मलाही तेच हवं होतं. लेखकानं चूक केली असली तर मी सुटले असते.

कॅफेत मेलमधली पीडीएफ उघडली. ते पान, ती ओळ. मोठं केलं, आणखी मोठं केलं. अक्षरं विटांएवढी झाली. शून्य, दशांश चिन्ह, मग पांढरी घडी, मग पाच. घडीची रुंदी बरोबर एका आकड्याची. तिच्या डाव्या कडेला एक फिकट कमान होती, उजव्या कडेला दुसरी. मधला भाग घडीनं खाल्लेला.

"शून्य," मी म्हणाले. "तिथं शून्य हाय, बाबा."

सॉफ्टवेअरला तिथं मोकळी जागा दिसली होती आणि ती मी मिटवून टाकली होती. शून्य दशांश शून्य पाच. दहा किलोला अर्धा मिलिग्रॅम. उदाहरण बरोबर होतं. चूक वरच्या ओळीत होती, दहापट, आणि ती माझी होती.

पुण्याला फोन लावला. आकडा दोनदा सांगितला. आणि हेही सांगितलं, की कमानी मला दिसतात, उदाहरणही जुळतं, पण मूळ लेख ज्यांच्याकडं आहे त्यांना विचारल्याशिवाय हा आकडा पक्का धरू नका. बाकीचे आकडेही मी स्कॅनवरून पुन्हा तपासून देते. बाईंनी आकडा लिहून घेतला. मग म्हणाल्या, "थांबवलं."

मी फोन ठेवला आणि तोंडावर ओढणी घेऊन रडले. कॅफेवाला पंखा माझ्याकडं वळवून बाहेर जाऊन उभा राहिला. बाबा पडद्यासमोरून हलले नव्हते. ते माझी समजूत घालतील, झालं ते झालं म्हणतील, असं वाटलं होतं.

"मा," ते म्हणाले, "जन्मभर छापलेल्या मात्रेवर औषध दिलं मी. कधी विचारलं नाही. आणि आज छापलेल्यात दोन आकडे भांडत होते, तर मी खरा आकडा खोडायला निघालो होतो." त्यांनी चष्मा काढला. "ते पोर माझ्यासमोर असतं ना, तर मी पाच दिले असते."