बहिणीच्या रिकाम्या फ्लॅटची राखण

हिंगोलीत माझ्या धाकट्या बहिणीचा फ्लॅट आहे. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एवढीशी बाल्कनी. नवरा गेल्यापासून ती पुण्याला लेकाकडे राहते आणि फ्लॅट भाड्याने देते. मागच्या वेळी भाडेकरू गेल्यावर तिने चावी चुलतभावाकडे दिली. बाईमाणसाला कशाला तकलीफ, असं त्यालाच वाटलं होतं. त्याने कुलूप लावलं आणि चार महिने तिकडे फिरकला नाही. वर चावीच्या नकला करून दलालाला, रंगाऱ्याला, कोणाकोणाला वाटल्या ते त्यालाही आठवेना. दार उघडलं तेव्हा कुबट वासाने बहीण उंबऱ्यावरूनच मागे सरली. मोरीतून झुरळं, दाराच्या चौकटीला वाळवी, कपाटात बुरशी.

"पुन्ना असं झालं तर मी इकून टाकीन," ती म्हणाली. "डोक्याला ताप नको."

ती म्हणाली फ्लॅटचं, पण मला कळलं ते वेगळंच. फ्लॅट गेला की ती हिंगोलीला कशाला येईल? आमचे आईवडील नाहीत. माहेर म्हणायला तिला मी आणि मला ती. म्हणून या पावसाळ्याच्या तोंडावर भाडेकरू गेले तेव्हा मी फोन करून सांगितलं, चावी माझ्याकडे दे. ते ऐकून चुलतभाऊ हसला. मला हसलेलं आवडत नाही.

पहिल्याच दिवशी मी कुलूप बदलून घेतलं. नव्या कुलपाच्या तीन चाव्या मिळाल्या. बहिणीला विचारलं, एक तुला पाठवू? ती म्हणाली, "मला काय करायची?" ते मला लागलं. तिन्ही चाव्या माझ्या धान्याच्या कोठीमागच्या खिळ्याला लावल्या. त्यांना पत्त्याची चिठ्ठी लावली नाही, कारण चोराला पत्ता आपणच कशाला द्यायचा? वायरमन असो की दलाल, मी सोबत जायची आणि सोबत परत यायची. दलाल वैतागला. वैतागू दे.

दर आठवड्याला माझी फेरी ठरलेली. पाऊस असेल तर खिडक्या उघडायच्या नाहीत, नाहीतर बाहेरची ओलच घरात घेतल्यासारखं. ऊन पडलं की समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, पंखे लावायचे, कपाटांची दारं किलकिली ठेवायची. पाण्याचा मुख्य कॉक बंदच असायचा, तो उघडून नळ सोडायचे, संडासात पाणी टाकायचं. मोरीच्या जाळीत मगभर पाणी आणि वर चमचाभर तेल. जाळीखालचं पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं तिथूनच वर येतात, आणि तेल असलं की पाणी लवकर आटत नाही. मग कॉक पुन्हा बंद. बाल्कनीच्या पाइपाच्या तोंडाशी कबुतरं काड्या आणून टाकायची, त्या काढायच्या. शेवटी टॉर्च घेऊन चौकटी बघायच्या. वाळवी मातीची बारीक रेघ ओढत वर चढते. एकदा दिसली तेव्हा नुसती झाडून टाकली नाही. औषधवाल्याला बोलावून भोकं पाडून औषध सोडून घेतलं, आणि तो काम करीत असताना समोर बसून राहिले.

या सगळ्यात एक गोष्ट शास्त्रात बसत नाही. आई म्हणायची, घर बंद असलं तरी दिवा लागला पाहिजे. म्हणून फेरी संपली की मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर निरांजन लावायची. पण बंद घरात जळता दिवा सोडून जाणं म्हणजे मूर्खपणा. म्हणून वात विझेपर्यंत मी पंखे बंद करून फरशीवर बसून राहायची. शेजारीण म्हणायची, "ताई, मोकळ्या घरात एकट्या बसून काय करून राहिल्या?" मी म्हणायची, "मालकीणबाई होऊन राहिले."

श्रावणात चुलतभाऊ आला. त्याची हळद विकायची राहिली होती, भाव चढायची वाट बघत होता.

"आतली खोली मोकळीच हाये नं? कट्टे ठेवू दे. दिवाळीपस्तोर नेतो."

"न्हाई."

"काहून? हळद हाये, काय बाँब हाये का?"

"ओल धरती, कीड पडती, अन् भिंती पिवळ्या व्हतात. घर हाये ते, गोदाम न्हाई."

त्याने तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. ती बिचारी भिडस्त. म्हणाली, "दे गं ताई, घरचाच माणूस हाये." मी म्हटलं, चावी माझ्याकडे आहे तोवर नाही. तो चहा न घेता उठला आणि भावकीत सांगत सुटला की मोठीला बहिणीच्या फ्लॅटचा माज आला. आला होता, खोटं कशाला बोलू!

पुढच्या फेरीत वात मंदावली होती आणि मी गुडघे चोळत बसले होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. टप. बऱ्याच वेळाने पुन्हा टप. पंखे चालू असते तर कधीच ऐकू आला नसता. स्टूल घेऊन माळ्याचं दार उघडलं. कोपऱ्यात छत ओलं होतं, आणि खाली त्याच खोलीत, जिथे हळदीची पोती रचायची होती, तिथे भिंतीला फुगा येऊ लागला होता.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त गुरुजी राहतात. ते म्हणाले, "आमच्या इथं सगळं कोरडं हाये. तुमची भिंत पावसानं भिजली असंल." मी वाद घातला नाही. त्यांच्याच बायकोकडून वाटीभर हळद मागितली, बादलीत कालवली आणि त्यांच्या न्हाणीच्या जाळीत ओतली. गुरुजींना हात धरून खाली आणलं. माळ्यापाशी दोघं माना वर करून उभे. बराच वेळ झाला. गुरुजी जायला निघाले आणि तेवढ्यात थेंब पडला, पिवळा नाही, तर लालसर. छताच्या सिमेंटात चुना असतो, आणि हळदीला चुना भेटला की कुंकू होतं, हे हिंगोलीच्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही.

"बराबर हाये," गुरुजी म्हणाले. दोन दिवसांत त्यांनी न्हाणीतल्या पाइपाचा सांधा दुरुस्त करून घेतला. मी भिंत खरवडून ठेवली, पूर्ण वाळू दिली आणि मगच रंग दिला.

दिवाळीनंतर दवाखान्यातली एक नर्सबाई भाड्याने येणार ठरली. तिला घर दाखवायला बहीण आली. मी मुद्दामच मागे राहिले. बहिणीने चप्पल काढली, उंबऱ्यावर क्षणभर थांबली आणि मोठा श्वास घेतला. मग कपाट उघडून आत हात फिरवला, चौकटीवर बोट ओढलं. नर्सबाई म्हणाल्या, "इथं कालपर्यंत कुणी राहत होतं का हो?"

माझी छाती अशी फुगली की ब्लाउजचे हूक तुटायचे बाकी राहिले.

नर्सबाईंना दोन चाव्या दिल्या. तिसरी माझी, अडीअडचणीची, म्हणून ती कनवटीला लावू लागले. बहिणीने माझा हात धरला.

"ताई, ती मला दे."

"आता काहून? मागं तर नको व्हती."

ती ओट्याकडे बघत होती. निरांजनाचं काजळ तिथे थोडं उरलं होतं, पुसायचं राहूनच गेलं होतं.

"म्हातारपणी इथंच यायचं म्हनते. तुझ्याजवळ."

सबंध पावसाळाभर कोणाच्या हाती न लागू दिलेली चावी मी तिच्या तळहातावर ठेवली आणि दम दिला, "नक्कल करायची न्हाई."