मोजायला सोपं मूल

चौदा वर्षं सिनेमाच्या तिकीट-खिडकीत बसलेल्या बाईला जगात कशाचं अप्रूप उरू नये, अशी आपली समजूत असते. काकूंनी ती पार खोटी ठरवली होती. हाउसफुल्लची पाटी त्यांनी हजारदा लावली असेल, पण दर वेळी असा चेहरा करून, की सिनेमा जणू त्यांनीच काढला आहे. मग एक दिवस ते थिएटर बंद पडलं, तिथे फर्निचरचं दुकान आलं, आणि सोफ्यांची तिकिटं काढता येत नसल्यामुळे काकू बेकार झाल्या. घरच्यांनी शिवणकाम सुचवलं. त्यांनी नर्सिंगला प्रवेश घेतला. वयाच्या अटीतून अंग चोरून आत शिरणाऱ्या त्या वर्षीच्या त्या एकट्याच. बाकीच्या मुली नुकत्याच बारावी झालेल्या, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांचं नाव काकू पडलं. वयाने काकूंहून लहान असलेल्या, शिकवणाऱ्या मॅडमही दोन-तीनदा जीभ चावून शेवटी काकूच म्हणू लागल्या.

अभ्यासातली प्रत्येक गोष्ट काकूंना बातमीसारखी वाटे. घरी गेल्या की ती बातमी नवऱ्याला ऐकावी लागे, आणि मुलाला सोसावी लागे. बालआरोग्याचा विषय सुरू झाला तेव्हा दहावीतला मुलगा दुपारी झोपला रे झोपला की काकू घड्याळ घेऊन त्याच्या उशाशी बसत आणि त्याच्या पोटाचं वरखाली होणं मोजत. तो जागा असला तर मुद्दाम श्वास रोखून धरी. "आई, मी मेलोय, लिही," म्हणे.

या सगळ्या मोजामोजीमागे एक असाइनमेंट होती. आरोग्य केंद्रात खोकल्यासाठी आणलेलं पाच वर्षांच्या आतलं एक मूल स्वतः तपासायचं, त्याला न्यूमोनिया आहे की नाही, असला तर किती गंभीर, हे ठरवायचं आणि मॅडमसमोर ते पटवून द्यायचं. नियम तसा साधा आहे. दोन महिने पूर्ण झालेल्या पण वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त असले तर ते जलद. वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाला चाळीस. काकूंना हे झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं, आणि मुलाच्या सांगण्यानुसार त्या झोपेत हेच बडबडत.

अडचण मुलांची होती. श्वास मोजायचे तर मूल शांत हवं, आणि आरोग्य केंद्रात आलेलं मूल शांत का असेल? पहिल्या खेपेला काकूंनी एका मुलाचे अर्धा मिनिट श्वास मोजून दुप्पट केले. मॅडमनी पान परत केलं. बाळाचा श्वास कधी भरभर चालतो, कधी मध्येच रेंगाळतो, म्हणून पूर्ण मिनिटच मोजायचं. दुसऱ्या खेपेला मिनिट पूर्ण मोजलं, पण ते बाळ सबंध मिनिटभर छत उडेल असं रडत होतं. तेही पान परत. आता ही तिसरी आणि शेवटची खेप. ती हुकली, की पुढच्या तुकडीबरोबर हा सगळा भाग पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पुढच्या वर्षी आणखी लहान मुलींची काकू व्हायचं.

तुकडीतल्या मुलींनी यावर आपली एक पद्धत काढली होती. पुस्तकात आधी बरंच काही विचारायला सांगितलेलं असतं, ते सगळं मागे ठेवायचं. मूल गप्प दिसलं की झडप घालून आधी श्वास मोजून घ्यायचे आणि मग निवांत प्रश्न विचारायचे. बसमध्ये रिकामी जागा दिसली की माणूस आधी बसतो आणि मग गाडी कुठे जाते ते विचारतो, तसंच हे. यात काही चूक आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, कारण सगळ्याच तसं करत होत्या.

त्या सकाळी केंद्रातल्या लांब बाकावर सात-आठ मुलं होती आणि सगळी मिळून एकच राग आळवत होती. फक्त एक बाळ आजीच्या मांडीवर कसं चित्रासारखं पडलेलं. डोळे अर्धवट उघडे, ओठ किंचित विलग, हूं की चूं नाही. शेजारी आई हातात डबा आणि पिशवी धरून, अर्धी बाकावर आणि अर्धी दाराकडे. तिला पॅकिंगच्या कारखान्यात पाळीवर पोचायचं होतं.

काकूंना लॉटरी लागल्यासारखं झालं. चष्मा नावाने ओळखली जाणारी त्यांची मैत्रीणही त्याच बाळाकडे निघाली होती. काकू तिच्या आधी पोचल्या. चौदा वर्षं रांगा सांभाळलेल्या बाईपुढे कुणाचं चालणार? वय विचारलं. दहा महिने. खोकला तीन दिवसांपासून. त्यांनी झबलं वर केलं, घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि मोजायला लागल्या. बाळ हललं नाही, रडलं नाही, त्याने हातसुद्धा मारला नाही. मिनिट संपलं. शेहेचाळीस.

असं सरळ, स्वच्छ मिनिट काकूंना आजवर मिळालं नव्हतं. पन्नासच्या आत, म्हणजे न्यूमोनिया नाही, साधा सर्दी-खोकला. त्यांनी ते तिथल्या तिथे आईला सांगून टाकलं, चष्म्याला खुणेने कळवलं, आणि औषध वाटणाऱ्या सिस्टरने न विचारताच तिलाही सांगितलं. आजी खूश झाली. नातू किती गुणाचा आहे हे ती सांगू लागली. दोन दिवस नुसता पिरपिर करत होता, काल संध्याकाळपासून एकदम शहाण्यासारखा वागतोय.

काकूंनी शाबासकी म्हणून आपला किल्ल्यांचा जुडगा त्याच्यासमोर खुळखुळवला.

बाळाने किल्ल्यांकडे पाहिलं नाही. काकूंनी जुडगा डावीकडे नेला, उजवीकडे नेला. डोळे होते तिथेच राहिले. दहा महिन्यांचं मूल आणि किल्ल्या सोडतं, हे काकूंच्या कुठल्याच अनुभवात बसत नव्हतं. त्यांनी टाळी वाजवली. पापणी जरा हलली, इतकंच.

मागे ठेवलेले प्रश्न त्यांनी घाईघाईने पुढे घेतले. फिट आली होती का? नाही. खाल्लं-प्यायलेलं सगळं उलटून पडतं का?

"उलटायला पोटात काही जाईल तर ना," आजी म्हणाली. "रात्रीपासून अंगावर प्यायलाच तयार नाही. पण रडत नाही हो त्यासाठी, तेवढं बरं."

काकूंनी आईला आत्ता, इथेच, पाजून बघायला सांगितलं. आईने एकदा घड्याळाकडे पाहिलं, मग पदर घेऊन बाळाला छातीशी धरलं. बाळाच्या ओठांना दूध लागलं आणि तसंच कडेने ओघळलं. ओढायचं असतं, हे ते विसरल्यासारखं झालं होतं.

आता मात्र सगळं धडाधड जागेवर बसू लागलं. बाळ पीत नाही, हे एक धोक्याचं लक्षण. सुस्त आहे, आजूबाजूला काय चाललंय त्याचा पत्ता नाही, हे दुसरं. यातलं एकही पुरेसं होतं. खोकला असलेल्या मुलात असं काही दिसलं, की आकडा शेहेचाळीस असो की छत्तीस, तो गंभीर आजारच धरायचा आणि मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, ताबडतोब. काकूंना हे पाठ होतं. फक्त पाठ असलेलं त्यांनी उलट्या क्रमाने वापरलं होतं.

त्यांनी आईला स्पष्ट सांगितलं की बाळाला दवाखान्यात न्यावं लागेल, आजच, या घटकेला.

आईने पदर सारखा केला. "आत्ताच तुम्ही म्हणालात ना, साधी सर्दी आहे म्हणून? सगळ्यांना सांगत सुटला होतात."

बाकावरच्या बाकीच्या आयाही आता ऐकू लागल्या होत्या. खिडकीतून एकदा दिलेलं तिकीट काकूंनी चौदा वर्षांत कधी परत घेतलं नव्हतं.

"म्हणाले," काकू म्हणाल्या. "चुकले मी. तो शांत दिसला म्हणून मी खूश झाले. पण अगं, तो शांत नाहीये. त्याच्यात रडायची ताकद उरलेली नाही."

आईच्या हातातली पिशवी खाली आली. आजीने बाळाच्या गालावर बोट टेकवून त्याला हाक मारली, मग पुन्हा मारली, जरा मोठ्याने.

चष्मा तोवर धावत मॅडमना घेऊन आली होती. मॅडमनी बाळाला हाक मारून पाहिली, झबलं वर करून स्वतः पूर्ण मिनिट मोजलं, आणि श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते तिथे बोट दाखवलं. काकूंना ते आता दिसलं. मघाशी त्यांचं सगळं लक्ष आकड्यावर होतं. धापा टाकून दमलेल्या मुलाचा श्वास कधी कधी कमीही होतो, तेव्हा आकड्यावर विसंबू नका, एवढंच मॅडम म्हणाल्या आणि सिस्टरला इंजेक्शनची तयारी करायला सांगितलं.

मग जी धावपळ झाली, ती काकूंच्या सगळ्या हाउसफुल्ल रविवारांना पुरून उरली असती. कुणी रुग्णवाहिकेला फोन लावत होतं, कुणी दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहीत होतं. सिस्टरने अँटिबायोटिकचा पहिला डोस टोचला. एरवी या सुईला पोरं खोली डोक्यावर घेतात. हे बाळ नुसतं कण्हलं. तेवढ्यात आजी कुठूनशी वाटीत साखरपाणी घेऊन आली आणि चमचा त्याच्या तोंडाशी नेला. काकूंनी तिचा हात वरच्या वर धरला. गिळत नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घातलं तर ते छातीत उतरायचं. आजी रागावली, पण चमचा खाली ठेवला. मॅडमनी बाळाच्या नाकातून बारीक नळी पोटात घातली आणि आईने काढून दिलेलं दूध तिच्यातून हळूहळू सोडलं. चष्म्याने बाळाला दुलईत गुंडाळलं.

गाडी आली तेव्हा आई दारात अडखळली. कारखान्यात काय सांगू, एवढंच तिने विचारलं.

"तिथे मी जाते," आजी म्हणाली. "बघतेच तुझा तो मुकादम काय म्हणतो ते. तू बस गाडीत."

मॅडमनी काकूंनाही बसायला सांगितलं. सायरन लावलेल्या गाडीत बसायची इच्छा काकूंना लहानपणापासून होती, आणि ती पुरी होताना आपल्याला इतकी भीती वाटेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. रस्ताभर त्या आईला बाळाच्या तोंडावर दुलई आली नाही ना, पाय झाकलेले आहेत ना, हे विचारत राहिल्या. दवाखान्यात चिठ्ठी हातात पडताच तिथल्या दोघांनी बाळाला आत नेलं, नाकाशी प्राणवायू लावला, आणि दार काकूंच्या तोंडावर बंद झालं.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातच मॅडमनी असाइनमेंट तपासायला घेतली. सर्दी-खोकला खोडून त्याखाली काकूंनी गंभीर न्यूमोनिया लिहिलं होतं. ते बरोबर होतं आणि काकू पास होत्या. पण धोक्याची लक्षणं आधी, श्वासांची मोजणी नंतर, या क्रमासाठी ठेवलेले गुण मॅडमनी कापले, आणि संपूर्ण तुकडीला समोर बसवून कारण सांगायला लागल्या. चष्मा काकूंच्या कानाशी लागली. मुलाला वाचवून वर गुण कापतात म्हणजे काय, तुम्ही भांडा. काकूंनी तिला गप्प केलं. जरा दमाने घेतलं असतं तर किल्ल्या खुळखुळवायची पाळीच आली नसती, आणि समजा तो जुडगा काल घरी राहिला असता तर? त्या ताठ बसून ऐकत होत्या.

तेवढ्यात दारातून सिस्टरने हाक मारली. दवाखान्यातून बाळाच्या आईचा फोन होता, आणि तिला त्या किल्ल्यांवाल्या काकूच हव्या होत्या. मॅडम वाक्याच्या मध्यावर होत्या. काकू परवानगी न घेताच उठल्या, दोन खुर्च्या सरकवत फोनपाशी पोचल्या, नुसतं हं, हं, हं करत ऐकत राहिल्या, आणि मग फोन कानाला तसाच ठेवून वर्गाकडे वळल्या.

"प्यायला," त्या म्हणाल्या. "पहाटे दोन घोट, आणि आत्ता पोटभर. पुरतं ऐका ना, मॅडम, ती म्हणते, चावतोय."