पोटातली अर्धशिशी

न्हाव्याला अर्धशिशी होती आणि ती त्याने कधी लपवली नाही. डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या रेषा चमकू लागल्या की तो वस्तरा खाली ठेवायचा, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक जोडीदाराच्या हवाली करायचा आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन पडायचा. त्याच्या आईचंही असंच व्हायचं. म्हणून लेकीच्या डोक्यावर त्याने पहिल्यापासून पहारा ठेवला होता. "डोकं दुखतंय का गं?" तो विचारायचा. ती दरवेळी म्हणायची, "नाही बाबा, पोट."

आणि पोट म्हटल्यावर पोरीला कोणी वाली उरला नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी बेंबीभोवती दुखायचं, चेहरा पांढराफटक पडायचा, जेवणाचा वाससुद्धा नकोसा व्हायचा. झोपून उठली की ठणठणीत! मग ज्याला त्याला अक्कल फुटायची. आजोबा म्हणायचे, "शाळेच्या वेळेलाच बरं दुखतं!" रविवारी दुखलेलं मात्र सोयीस्करपणे विसरायचे. परवा तर शाळेतल्या बाईंनी भर वर्गात तिला नाटकी म्हटलं. पोट धरून बसलेल्या लेकराला! न्हाव्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने दुकान बंद केलं आणि तिला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, वजन-उंची पाहिली, मागे एकदा काढलेले रिपोर्ट वाचले. सगळं ठीक होतं. "घरात कोणाला अर्धशिशी?"

"मला आहे की. पण हिचं डोकं दुखत नाही ना!"

"अहो, वारशाने दुखणं जसंच्या तसं येत नाही, त्याकडे कल येतो. आई किंवा बाप, एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण निम्मी. एका भावंडाला होईल, दुसऱ्याला होणारही नाही. आणि लहानपणी ती कधी कधी पोटातच दुखते, पुढे डोक्यात येऊ शकते. तुम्ही पहारा दिलात, पण भलत्याच दारावर."

मग त्यांनी नीट समजावलं. पोर एकाएकी फिकी पडते का, अन्न नको म्हणते का, गाडी लागते का, उजेड टाळून झोपायला बघते का, हे पाहायचं. जेवण आणि झोप चुकवू द्यायची नाही. दुखण्याने झोपेतून जाग आली, वजन घटलं किंवा ताप आला, तर ताबडतोब दाखवायचं.

इतकी वर्षं लेक खरं सांगत होती आणि घरादाराने तिलाच खोटं ठरवलं होतं, याचा न्हाव्याला भयंकर राग आला.

तेवढ्यात पोरीने हळूच विचारलं, "म्हणजे बाबा, मी नाटक करत नव्हते ना?"

तिचाच स्वतःवरचा विश्वास उडाला होता! न्हावी तिला घेऊन उठला.

"नव्हतीस," तो म्हणाला. "चल, शाळेत जाऊ. हे तुझ्या वर्गाच्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर सांगायचं."