मागच्या बाकावरचा उजेड

आहुप्याच्या शाळेत वर्ग अंधारा आहे, अशी तक्रार इंद्रायणीबाईंनी केली, तेव्हा वर्गात दिवे बसवणारा ठेकेदार दामोदर पालकांसमोर हसला होता. "बाई, चष्मा बदला." उजेड मोजायचं लक्समीटर थेट ट्यूबखाली उंच धरून त्यानं तीनशे वीस लक्स दाखवले होते. ते हसू बाईंनी वर्षभर जपलं. देवापुढे हात जोडतानाही सोडलं नाही.

पुढच्या तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले, तसं बाईंनी त्याच पालकांना बोलावलं. "दामोदरभाऊ, खिडक्या बंद करा. मीटर बाकावर ठेवा, तुमची सावली पडू देऊ नका. आकडे मोठ्यानं वाचा."

मागच्या बाकावर तो पुटपुटला, "साठ."

नऊ जागांची सरासरी एकशे दहा आली. हवे होते तीनशे. दोन ट्यूबांना आणखी चार जोडायचा शेरा साहेबांनी मारला.

"आता चष्मा कुणाला लागतोय, राव?" पालकांतला जानकू म्हणाला.

बाईंनी त्या शेऱ्याखाली सहीसाठी दामोदरपुढे पेन धरलं.